उत्तर बरोबर, मग गुण कुठे गेले?

बारावीच्या उत्तरपत्रिकेत 2 sin x cos x चं इंटिग्रेशन एकाने sin²x लिहिलं, दुसऱ्याने −cos²x. विकलन केलं तर दोन्हींतून मूळ फल परत मिळतं. पण x = 0 ठेवलं की पहिलं 0 देतं, दुसरं −1. दोन्ही उत्तरांत सर्वत्र नेमका 1 चा फरक आहे, आणि विकलनात तो पुसला जातो. एकच उत्तर लिहिलं की बाकीची अगणित फलं वगळली जातात. म्हणून + C हवाच. तो नसेल तर उत्तर अपुरं असतं आणि गुण कापणं रास्तच आहे.

मर्यादा दिलेल्या असतील तर वजाबाकीत C उडून जातो. तिथे चूक वेगळीच होते. 2x(x²+1)² चं 0 ते 2 इंटिग्रेशन घ्या. u = x²+1 धरलं की 2x dx चा du होतो आणि u² उरतं. इथपर्यंत सगळे नीट येतात. पण 0 आणि 2 या x च्या किमती आहेत. U मात्र 1 पासून 5 पर्यंत जातो. योग्य उत्तर (125 − 1)/3, म्हणजे सुमारे 41.3. जुन्याच मर्यादा ठेवल्या तर 8/3 येतं.

ही चूक पकडताही येते. x = 1 ला मूळ फलाची किंमत 8 आहे आणि पुढे ती वाढतच जाते. म्हणजे 1 ते 2 एवढ्याच पट्ट्याचं क्षेत्रफळ 8 हून जास्त. मग एकूण 8/3 कसं असेल? मर्यादा बदलायच्या नसतील, तर u च्या जागी पुन्हा x²+1 लिहून मगच 0 आणि 2 घालावेत.