येते, पण एक जूनला

माझ्या मावसबहिणीला डिसेंबरात बंगळूरच्या एका कंपनीकडून ऑफर लेटर आलं. रुजू व्हायची तारीख 10 फेब्रुवारी. नाशिकच्या घरात मुलगी आठवीत, तिची वार्षिक परीक्षा एप्रिलअखेर संपणार, आणि नवऱ्याच्या बदलीचा अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर पडलेला. तिने एचआरला पाठवायची मेल मला वाचायला दिली. त्यात एकच वाक्य होतं: ‘सुरुवातीचे काही महिने घरून काम करता येईल का?’

मी म्हटलं, ही पाठवू नकोस. ‘काही महिने’ वाचणाऱ्याला कळतं ते इतकंच, की ही बाई येणार नाही. घरून काम द्यायला कंपन्या आता एकदम नाही म्हणत नाहीत. त्यांना धास्ती असते ती तारीख नसलेल्या मुदतीची. जून म्हणता म्हणता दिवाळी येते, असे उमेदवार त्यांनी पाहिलेले असतात.

वेळही महत्त्वाची. मुलाखतीत हा विषय काढला तर निवडीआधीच तुमच्या नावापुढे प्रश्नचिन्ह लागतं. राजीनामा देऊन मग विचारलं तर हातात काही उरत नाही. ऑफर आली आहे, पण ती स्वीकारल्याची मेल अजून गेलेली नाही, ते तीन-चार दिवस यासाठी. आधी ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या मॅनेजरला फोन करावा, कारण एचआर शेवटी त्यालाच विचारणार. मग मेल. बहिणीची मेल इंग्रजीत गेली. मजकूर साधारण असा होता:

‘ऑफरबद्दल आभार. मी ती स्वीकारू इच्छिते. त्याआधी एक विनंती आहे. मुलीचं शालेय वर्ष एप्रिलअखेर संपतं. 10 फेब्रुवारी ते 31 मे मी नाशिकहून काम करावं आणि 1 जूनपासून कायम बंगळूर ऑफिसात यावं, असा माझा प्रस्ताव आहे. पहिला आठवडा मी ऑफिसातच असेन. त्यानंतर दर महिन्याला एक आठवडा येईन. या काळातला प्रवास आणि राहण्याचा खर्च माझा. हे मान्य असल्यास ऑफर लेटरमध्ये किंवा सोबतच्या पत्रात तारखांसह नोंदवावं.’

मुलीच्या शाळेचं एकच वाक्य आहे. सासूबाईंचे गुडघे, घराचे हप्ते यातलं काही नाही. कारणं वाढली की ती खरी असली तरी सबबी वाटू लागतात. प्रवासखर्च आपण उचलावा का, यावर मतभेद होतील. माझं मत, सवलत आपण मागतोय तर उचलावा. कंपनीने स्वतःहून बोलावलं त्या फेरीचा मात्र नाही.

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. फोनवर ‘हो हो, करू काहीतरी’ म्हणणारा मॅनेजर मार्चात दुसऱ्या टीमला गेला की नव्या मॅनेजरपाशी फक्त ऑफर लेटर असतं, आणि त्यात कामाचं ठिकाण बंगळूर लिहिलेलं असतं.

मजकूर पुन्हा वाचताना आमच्या लक्षात आलं, की सामान हलवण्याच्या भत्त्याची अट आम्ही पाहिलीच नव्हती. पत्रात लिहिलं होतं: रुजू झाल्यापासून 90 दिवसांत बिलं सादर करावीत. 10 फेब्रुवारीपासून मोजलं तर मुदत 11 मेला संपत होती, आणि ट्रक निघणार मेच्या शेवटी. म्हणजे विनंती मान्य झाली असती आणि भत्ता बुडाला असता. मग आणखी एक ओळ घातली: ही मुदत 30 जूनपर्यंत धरावी.

हे सगळं देशातल्या देशात. परदेशातल्या नोकरीची ऑफर असेल तर भारतात बसून काम सुरू करणं हा नुसता मॅनेजरच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही. कर, सामाजिक सुरक्षेची वर्गणी, पगार कोणत्या देशात द्यायचा, हे कंपनीला सोडवावं लागतं, आणि लहान कंपनी बहुधा नकोच म्हणते. देशातही बँकेचा किंवा संरक्षणाचा डेटा हाताळणारं काम अनेकदा ऑफिसच्या जाळ्याबाहेर नेता येत नाही. तिथे घरून कामाऐवजी रुजू व्हायची तारीखच पुढे मागावी.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 31 मे नाही, 30 एप्रिल. महिन्याला एक नाही, दोन आठवडे ऑफिसात. भत्त्याची मुदत मात्र 30 जूनपर्यंत मान्य. बहिणीने रात्रभर विचार केला आणि हो म्हटलं. मग ते सुधारित पत्र हातात आल्यावरच जुन्या ऑफिसात राजीनामा दिला.

मेमध्ये ती एकटीच बंगळूरला पीजीत राहिली. संध्याकाळी घरं बघायची आणि घरमालक किती महिन्यांचं डिपॉझिट मागतोय ते फोनवर नवऱ्याला सांगायची. मुलीचा शाळेचा दाखला त्याने नाशिकहून काढून आणला. ट्रक 27 मेला निघाला, आणि त्याचं बिल तिने 2 जूनला लावलं.