सातशे अंकांचं टार्गेट, पण कधीपर्यंत?

तेजीच्या झेंड्यातून निफ्टी वर फुटला की चार्टवाला काठीची उंची मोजतो, ती फुटलेल्या पातळीत मिळवतो आणि टार्गेट सांगतो. धरून चालू, निफ्टी २५,००० वर आहे आणि टार्गेट निघालं २५,७००. यात तारीख कुठेच नसते. ऑप्शन घेणाऱ्याचं मात्र सगळं तारखेवरच अडतं. आज बुधवार सकाळ, एक्स्पायरी येत्या मंगळवारी, म्हणजे हातात पाचच सत्रं.

अशा वेळी ऑप्शन चेन उघडून २५,००० च्याच स्ट्राइकचे भाव बघावेत. समजा कॉल १७५ रुपयांना आणि पुट १४५ ला आहे. दोन्हींची बेरीज ३२०. निफ्टी मंगळवारपर्यंत कुठल्याही बाजूला सरासरी इतका हलेल, असं हे भाव सांगतात. दिशा ते सांगत नाहीत. गणिताच्या भाषेतलं प्रमाण विचलन याच्या सव्वापट धरतात, म्हणजे ४०० अंक.

आता आपलं टार्गेट ७०० अंक दूर, म्हणजे पावणेदोन विचलनं. बाजाराच्या हिशेबाने निफ्टी मंगळवारी त्याच्या वर बंद होण्याची शक्यता शंभरात जेमतेम चार-पाच. अधेमध्ये कधीतरी तिथे टेकून येण्याची शक्यता ढोबळमानाने दुप्पट. २५,७०० चा कॉल सात-आठ रुपयांना मिळतो तो यामुळेच. त्याला ‘स्वस्त’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो स्वस्त वाटत नाही, लांबचा वाटतो.

म्हणून चार्ट चुकला असं नाही. अपेक्षित हालचाल दिवसांच्या पटीत वाढत नाही, दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. मुदत चौपट केली, म्हणजे चार आठवड्यांनंतरची एक्स्पायरी घेतली, तर ४०० चे साधारण ८०० होतात आणि तेच ७०० अंक आवाक्यात येतात. प्रीमियम अर्थातच जास्त मोजावा लागतो.

हे मोजताना शेवटच्या सौद्याच्या भावावर विसंबू नये. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये तो तासभर शिळा असू शकतो. खरेदी आणि विक्रीच्या चालू बोलींचा मध्य धरावा. बजेट किंवा निकालाआधी प्रीमियम फुगलेले असतात, त्यामुळे पल्लाही मोठा दिसतो. बातमी आली की ते एका झटक्यात उतरतात आणि दिशा बरोबर असूनही कॉलमध्ये तोटा होतो.

शिवाय हा आकडा म्हणजे भिंत नव्हे. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, निफ्टी एकाच सत्रात जवळपास सहा टक्के कोसळला होता. म्हणून या आकड्यावरून टार्गेट खोटं ठरवू नका, एक्स्पायरी ठरवा. आणि जमेल तेवढ्या मुदतीचा प्रीमियम परवडत नसेल, तर तो सौदा सोडून द्या.