वेळासला जाण्याआधीचा मेल

होमस्टेच्या मालकांना येणारे बहुतेक मेल एकाच साच्यातले असतात: ‘लाइट गेल्यास बॅकअप आहे का? गरम पाणी आहे का? जेवण मिळेल का? लोकेशन पाठवा.’ यातल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणता येतं, आणि ते ‘हो’ खरंही असतं. तरीही पाहुणा पोचल्यावर पंखा मध्यरात्री बंद पडतो, तिसऱ्या माणसाला कोमट पाणी मिळतं आणि रात्री दहाला स्वयंपाकघर आवरलेलं असतं. यात मालकांनी कुणाला फसवलेलं नसतं. प्रश्नच असा होता, की त्याच्या उत्तरातून काही कळणार नव्हतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे याचं चांगलं उदाहरण आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने 2002 मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायला सुरुवात केली. पुढे पिल्लं समुद्रात जाताना पाहायला माणसं येऊ लागली, आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्याच घरांत उतरवून घेतलं. पाहुण्यांसाठी राबणारी इथली माणसं घरचीच असतात. त्यामुळे आपण काय विचारतो आणि स्वतःबद्दल काय सांगतो, यावर पुष्कळ काही ठरतं.

समजा, पुण्याहून पाच जणांचं कुटुंब मार्चमधल्या एका शनिवारी निघालं आहे. त्यांनी सुरुवात पोचण्याच्या वेळेपासून करावी, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. पिल्लं साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, तीही त्या दिवशी घरट्यातून बाहेर आली असतील तरच. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असं करत बागमांडल्याला यायचं, फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास गाठायचं. अंतर सुमारे 200 किलोमीटर असलं तरी घाट, गावातले रस्ते आणि फेरी धरून सहा-सात तास हाताशी ठेवावेत. सकाळी सहाला निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. दहाला निघालात आणि वाटेत खोळंबा झाला, तर संध्याकाळची पिल्लं हुकू शकतात.

फेरीबोटीची वाट नकाशावर सरळ रेघेसारखी दिसते. पण सुट्टीच्या दिवशी जेट्टीवर गाड्यांची रांग किती लांब आहे आणि शेवटची बोट किती वाजता सुटते, हे त्या रेघेवरून कळत नाही. बोट हुकली तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मोठा वळसा पडतो, आणि तो पूल पूर्वी दुरुस्तीसाठी बंदही राहिला आहे. म्हणून मालकांना नुसतं ‘लोकेशन पाठवा’ म्हणून भागत नाही. शेवटची बोट कितीची, सध्या पूल चालू आहे का, आणि नकाशावरची खूण नेमकी घरावर पडते की वाडीच्या तोंडाशी, हे विचारावं. गाडी दारापर्यंत येते की अलीकडे लावावी लागते, हेही त्यातच विचारून घ्यावं. कोकणातल्या वाडीतली वाट एका गाडीपुरती असू शकते, आणि अंधारात ती मागे घेणं कठीण जातं. उत्तरात आलेल्या खुणा कागदावर उतरवून घ्या, कारण वाटेत मोबाइलची रेंज जाते.

आता विजेचं पाहू. ‘बॅकअप’ म्हटलं की पाहुण्याच्या डोळ्यांपुढे एसी असतो आणि मालकांच्या मनात इन्व्हर्टर. घरोघरी असणारी 12 व्होल्टची 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॉट-तास वीज साठवते. बॅटरीचं वय आणि वाटेतली गळती धरली तर त्यातले बाराशेच्या आसपास हाती लागतात. साधा पंखा सुमारे 75 वॉट घेतो आणि एलईडी दिवा 9 वॉट. दोन पंखे आणि दोन दिवे मिळून 168 वॉट झाले, म्हणजे सात तास निभावतात. तीच बॅटरी तशाच तीन खोल्यांना असेल तर जेमतेम सव्वादोन तास. गिझर, एसी आणि विहिरीवरचा पंप सहसा त्यावर नसतातच. वीज बराच वेळ गेली की टाकीत जेवढं पाणी असेल तेवढंच. तेव्हा प्रश्न असा करावा: रात्री वीज गेली तर आमच्या खोलीत काय काय चालेल, आणि किती तास? घरात कुणाला झोपताना श्वासाचं यंत्र लागत असेल, तर ते त्याच्या वॉटसह आधी कळवलंच पाहिजे.

गरम पाण्याचंही तसंच. 15 लिटरचा, 2 किलोवॉटचा गिझर गार पाणी 60 अंशांपर्यंत न्यायला सुमारे वीस मिनिटं घेतो. त्यात थंड पाणी मिसळलं की अंघोळीजोगं दोन बादल्या पाणी होतं. पाच जणांच्या अंघोळी त्यावर करायच्या, तर दीड-दोन तास जातात, आणि सकाळी सातला किनाऱ्यावर पोचायचं असेल तर हे गणित बसत नाही. काही घरांत परसात बंब असतो. तो पेटवायला कुणीतरी पहाटे उठतं, म्हणून आदल्या रात्री सांगावं लागतं. गॅस गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेर बसवला आहे का, हे न संकोचता विचारा. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडतो.

जेवणाबद्दल विचारण्यापेक्षा सांगायचं जास्त असतं. किती माणसं, किती लहान मुलं, तिखट कितपत चालतं, कुणाला नारळ किंवा शेंगदाणे वर्ज्य आहेत का. वेळासच्या बऱ्याच घरांत शाकाहारी जेवणच असतं, त्यामुळे मासळी हवी असेल तर ती मिळेल असं गृहीत धरू नका.

या सगळ्याचा मेल असा होतो:

विषय: 14-15 मार्च, एक रात्र, 5 माणसं

नमस्कार,
आम्ही तीन मोठे आणि दोन मुलं (वय 6 आणि 9) शनिवार, 14 मार्चला पुण्याहून सकाळी सहाला निघून बागमांडला-वेशवी फेरीने येत आहोत. दुपारी एक-दीडपर्यंत पोचू. दुपारचं आणि रात्रीचं जेवण, रविवारचा नाश्ता लागेल. सगळे शाकाहारी, मुलांना कमी तिखट, एकाला शेंगदाणे अजिबात चालत नाहीत.
1. शेवटची फेरी कितीची? म्हाप्रळचा पूल चालू आहे का? वेशवीहून घरापर्यंतच्या दोन-तीन खुणा कळवाल का? गाडी कुठे लावायची?
2. वीज गेली तर आमच्या खोलीत काय चालेल, किती तास?
3. रविवारी साडेसहाच्या आत पाच जणांना गरम पाणी मिळेल का? गिझर आहे की बंब?
4. रात्रीचं जेवण उशिरात उशिरा किती वाजता?
उशीर झाला तर फेरीवरून फोन करू.

खाली नाव आणि मोबाइल नंबर लिहा. गावात मेल रोज उघडला जाईलच असं नाही, म्हणून हाच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका आणि दुसऱ्या दिवशी एक फोन करा. फोनवर मिळालेली उत्तरं त्याच संदेशाखाली लिहून परत पाठवा, म्हणजे दोन्ही घरांत एकच नोंद राहते. हंगामातल्या शनिवार-रविवारसाठी हा मेल निदान दोन आठवडे आधी जाऊ द्या.