नावे वेगळी, ध्वनी एकच : ध्वनिठशांद्वारे दुबार ध्वनिमुद्रणांचा शोध

गावोगावची भजनी मंडळे, शाळा व ग्रंथालये यांच्याकडील जुन्या कॅसेट संगणकावर उतरविल्या गेल्या, की थोड्याच काळात एकाच गायनाच्या अनेक प्रती साठतात. एकच कॅसेट दोघांनी उतरविलेली असते. फाईलला कोणी अभंगाचे नाव देतो, कोणी नुसता क्रमांक. अशा संग्रहातील दुबार प्रती नावावरून काढून टाकणे धोक्याचे असते. कारण एकाच नावाच्या दोन फायलींत दोन निरनिराळ्या वर्षांची गायने असू शकतात, आणि मूळ कॅसेट खराब झाली असल्यास पुसलेले गायन पुन्हा मिळत नाही.

यावर पहिला उपाय म्हणजे `sha256sum` सारख्या आज्ञेने प्रत्येक फाईलची तपासणी-संख्या काढणे. दोन फायलींच्या संख्या तंतोतंत जुळल्या, तर त्या एकमेकींच्या हुबेहूब प्रती होत. तथापि फाईलमधील शीर्षक बदलले किंवा तीच फाईल एमपी-थ्री स्वरूपात आणली, तरी ही संख्या पूर्णपणे बदलते. कानाला ऐकू येणाऱ्या आवाजाशी तिचा संबंध नसतो. तो संबंध ध्वनिठसा जोडतो.

ध्वनिठसा कसा तयार होतो?

‘क्रोमाप्रिंट’ ही यासाठी विनामूल्य उपलब्ध असलेली प्रणाली आहे. ती ध्वनीचे सुमारे ०.३७ सेकंदाचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यापासून सुमारे ०.१२ सेकंद पुढे सुरू होतो. प्रत्येक तुकड्यात सप्तकातील १२ स्वरांपैकी कोणता किती प्रबळ आहे, हे मोजले जाते. स्वर मंद्र सप्तकातील की तार, हा भेद केला जात नाही. स्वरांच्या या चढउतारांना १६ ठरावीक कसोट्या लावल्या जातात. प्रत्येक कसोटीचे उत्तर दोन अंकांत मिळते, म्हणून दर तुकड्यामागे ० व १ यांची ३२ अंकी संख्या तयार होते. अशा संख्यांची माळ म्हणजे त्या गायनाचा ठसा. आवाज लहानमोठा केला किंवा फाईलचे स्वरूप बदलले, तरी ही माळ फारशी बदलत नाही.

```
fpcalc -raw -length 0 bhajan.mp3
```

या आज्ञेतील `-length 0` महत्त्वाचे आहे. ते न लिहिल्यास फक्त पहिल्या १२० सेकंदांचा ठसा निघतो, आणि अर्धवट उतरविलेली प्रत पूर्ण प्रतीसारखीच भासते.

एक उदाहरण

समजा, एका संग्रहात `bhajan_final.mp3`, `bhajan_final_2.mp3` व `Track 07.wav` अशा तीन फायली आहेत. पहिल्या दोन प्रत्येकी सहा मिनिटांच्या, तर तिसरी सहा मिनिटे पाच सेकंदांची आहे. नावावरून पहिल्या दोन दुबार वाटतात. ठशांची तुलना मात्र निराळे सांगते. पहिली व तिसरी यांच्या संख्या प्रथम जुळत नाहीत. परंतु एक माळ ४० स्थाने, म्हणजे सुमारे पाच सेकंद, सरकविताच दर ३२ अंकांत सरासरी तीनच अंक वेगळे उरतात. तिसऱ्या फाईलच्या आरंभी केवळ पाच सेकंदांची शांतता होती, गायन एकच. पहिली व दुसरी यांच्या माळा कशाही सरकविल्या, तरी निम्म्याच्या आसपास अंक वेगळेच राहतात. अभंग तोच, मंडळही तेच, पण गायन दुसऱ्या दिवशीचे. नावावर विसंबून पुसले असते, तर हे दुसरे गायन कायमचे गेले असते.

मर्यादा

कॅसेटयंत्राचा वेग सहा टक्क्यांनी अधिक असेल, तर पांढरी एकचा सूर काळी एकवर जातो. मग स्वरांची मोजणीच बदलते आणि एकाच गायनाचे दोन ठसे जुळत नाहीत. याची खूण कालावधीत सापडते : पाच मिनिटांचे गायन अशा यंत्रावर सुमारे चार मिनिटे ४३ सेकंदांत संपते. असा संशय आल्यास त्याच प्रमाणात वेग कमी करून ठसा पुन्हा काढावा. उलटपक्षी, दीर्घ शांतता सर्वच फायलींत सारखी ठसते. म्हणून जुळणी शांततेच्या भागातील तर नाही ना, हे पाहावे लागते. ही प्रणाली संगीतासाठी योजिलेली असल्याने भाषणांच्या बाबतीत तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून ठशांवरून केवळ संशयित जोड्यांची यादी करावी. किती अंकांच्या फरकापर्यंत जोडी संशयित धरावी, हे आधी त्याच संग्रहातील ओळखीच्या दुबार प्रतींवर ताडून ठरवावे. प्रत्येक जोडीचा आरंभ, मध्य व शेवट जाणकाराने ऐकावा, अधिक पूर्ण व स्वच्छ प्रत राखावी आणि दुसऱ्या फाईलचे नाव नोंदवहीत लिहून मगच ती काढावी. कित्येकदा गायकाचे नाव किंवा वर्ष त्या दुसऱ्या फाईलच्या नावातच तेवढे उरलेले असते.