आवाज येतो, चित्र नाही

टीव्हीचा आवाज व्यवस्थित येतोय आणि पडदा मात्र काळाकुट्ट, असं झालं की बहुतेक घरांत पहिला आळ केबलवर येतो. ‘चित्राची वायर तुटली असणार!’ जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या काळात हे बरोबर होतं. तेव्हा तीन रंगांच्या पिना असत: पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. पिवळी सैल झाली की चित्र जायचं, गाणं चालूच राहायचं. एचडीएमआय केबलमध्ये मात्र टीव्हीकडे जाणाऱ्या आवाजासाठी वेगळी वायर नसतेच.

फुल एचडी चित्रात पडद्यावर १०८० ओळी दिसतात, पण केबलमधून प्रत्येक फ्रेम ११२५ ओळींचा वेळ घेत जाते. दोन फ्रेमच्या मधला आणि प्रत्येक ओळीनंतरचा थोडा वेळ रिकामा असतो. लोकलच्या दोन फेऱ्यांमध्ये त्याच रुळांवरून मालगाडी काढावी, तसा आवाज या रिकाम्या वेळात त्याच तारांवरून जातो.

म्हणूनच आवाज कुठून येतोय, हे आधी बघायचं. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमधून स्वच्छ आवाज येत असेल, तर सिग्नल टीव्हीत पोचलेला आहे आणि केबल बहुधा निर्दोष आहे. सेट-टॉप बॉक्स आधी साउंडबारला आणि तिथून टीव्हीला जोडला असेल, आणि आवाज साउंडबारमधून येत असेल, तर तो पुरावा फक्त साउंडबारपर्यंतचा. पुढच्या केबलबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

दुसरी तपासणी टीव्हीच्या रिमोटवर होते. टीव्हीचा मेनू उघडायचा, बॉक्सचा नव्हे. मेनूही दिसत नसेल तर बाहेरच्या जोडण्यांशी झटापट करण्यात अर्थ नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरायचा. उजेडाच्या वर्तुळात हलणारं फिकट चित्र दिसलं, तर पॅनेल चित्र काढतंय, पण त्यामागचा बॅकलाइट विझला आहे. एलईडी पट्टीतले दिवे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक दिवा तुटला तरी अख्खी पट्टी विझू शकते. चालू करताच पडदा क्षणभर उजळून विझत असेल, तर याच दोषाचा संशय बळावतो. ओएलईडी टीव्हीला बॅकलाइट नसतो, तिथे ही चाचणी लागू नाही. मागचं झाकण मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब उरलेला असू शकतो.

आता टीव्हीचा मेनू ठसठशीत दिसतोय आणि आवाज साउंडबारमधून येतोय, असं धरू. बॉक्स फोर-के देणारा, साउंडबार काही वर्षं जुना. पडदा आणि बॅकलाइट ठीक आहेत, बॉक्सपासून साउंडबारपर्यंतचा दुवाही ठीक आहे. संशयित उरले तीन: साउंडबारचं आउटपुट, त्यापुढची केबल आणि टीव्हीचा पोर्ट. साउंडबारकडून टीव्हीकडे जाणारी केबल टीव्हीच्या बाजूने न हलवता, तिचं दुसरं टोक साउंडबारमधून काढून थेट बॉक्सला लावायचं. चित्र आलं, तर केबल आणि पोर्ट दोन्ही सुटले. नाही आलं, तर आधी केबल बदलायची, मग पोर्ट. दोन्ही एकदम बदलले तर दोष कुणाचा ते कळत नाही.

चित्र आलं असेल तर त्याच अवस्थेत बॉक्सच्या सेटिंगमध्ये फोर-केऐवजी १०८०पी निवडायचं आणि साउंडबार पुन्हा मध्ये जोडायचा. आता चित्र दिसलं, तर कारण सापडण्याजोगं आहे. सेकंदाला ६० फ्रेमचं फोर-के चित्र १०८०पीच्या चौपट डेटा मागतं आणि जुन्या साउंडबारला तो भार पुढे पाठवता येत नाही.

बॉक्सचा मेनू दिसतो, पण सिनेमा लावला की फक्त संवाद ऐकू येतात, असं असेल तर संशय एचडीसीपी या नकलविरोधी कुलपावर घ्यावा. फोर-के सिनेमांसाठी बहुधा त्याची २.२ आवृत्ती लागते, आणि ती साखळीतल्या प्रत्येक उपकरणात हवी. आधी सगळ्यांचे प्लग काढून थोड्या वेळाने पुन्हा लावून पाहावं, म्हणजे उपकरणांची आपसातली ओळख नव्याने होते. तरीही फरक नसेल, तर बॉक्स थेट टीव्हीला जोडावा आणि साउंडबार टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टला. मग चित्राला साउंडबारमधून जावंच लागत नाही.

टीव्हीचा मेनू आणि पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ दिसतो, पण चालू असल्याची खात्री असलेली दोन वेगवेगळी उपकरणं कुठल्याच एचडीएमआय पोर्टवर चित्र देत नाहीत, तेव्हा दोष मेनबोर्डवरच्या इनपुट भागात असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकला फोन करताना नेमकं हेच सांगितलं, तर तो बॅकलाइटच्या पट्ट्या बदलायच्या तयारीने येणार नाही.