शिल्लक राहिलेले पाणी

सकाळी नऊ वाजता गादीवर बसलेले कापड दुकानाचे मालक दुपारी दोनपर्यंत एकदाही उठत नसत. बारा वर्षांचा मधुमेह असूनही लघवीसाठी उठावे लागत नाही, याचा त्यांना अभिमान होता. पुढे जिना चढताना, खोकताना धोतर ओले होऊ लागले. वयाचा दोष समजून त्यांनी ते घरातही सांगितले नाही.

मूत्रपिंडांतून तासाला साधारण ६० मिलिलिटर मूत्र मूत्राशयात उतरते. मूत्राशयाची भिंत सैल होत जाते, त्यामुळे आतील दाब फारसा वाढत नाही. दीडशे-दोनशे मिलिलिटर साठले की भिंतीतील मज्जातंतू पहिली वर्दी देतात. चारशे ते पाचशेच्या सुमारास घाई होते. तोवर भिंत सैल आणि खालची झडप घट्ट ठेवण्याचे काम मुख्यतः मज्जारज्जू सांभाळतो.

मूत्रविसर्जनाचे केंद्र मात्र मेंदूच्या देठात, पॉन्स या भागात आहे. मांजरांवरील प्रयोगांतून ते बॅरिंग्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १९२५ साली दाखविले. मूत्राशयाची वर्दी मज्जारज्जूतून वर जाते. जागा व वेळ योग्य आहे असे मेंदूच्या पुढील भागाने ठरविले, की या केंद्राची आज्ञा खाली येते. त्याच क्षणी झडप सैल होते व भिंत आकुंचन पावते. तान्ह्या मुलाला ही परवानगी रोखणे जमत नाही. दोन-तीन वर्षांनंतर ते हळूहळू साधते.

या व्यापाऱ्यांच्या बाबतीत मधुमेहाने वर्दी नेणारे मज्जातंतूच बधिर केले होते. भिंत ताणून ताणून दुबळी झाली होती. लघवी करून आल्यावर केलेल्या सोनोग्राफीत ३५० मिलिलिटर मूत्र शिल्लक आढळले. निरोगी माणसात ते सहसा ५० पेक्षा कमी असते. आरंभीची शिल्लकच ३५० असेल, तर पाच तासांत आणखी ३०० जमा होऊन ६५० होतात. खोकल्याच्या दाबाने त्यातले थोडे बाहेर सांडते. म्हणजे ही गळती रिकाम्या नव्हे, तुडुंब भरलेल्या मूत्राशयाची होती.

पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही अशीच शिल्लक राहते, म्हणून डॉक्टरांनी तीही तपासली; ती अडथळा करीत नव्हती. वर्दीची वाट न पाहता घड्याळ पाहून दर तीन तासांनी उठावे, लघवी झाल्यावर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा आणि साखर ताब्यात ठेवावी, असे त्यांनी सांगितले. तीन महिन्यांनी शिल्लक १२० वर आली व गळती थांबली. बधिर झालेले मज्जातंतू पूर्ववत होतीलच असे नाही, त्यामुळे घड्याळ कायमचे सोबतीला राहिले.

साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात आणि उलट दाबाने मूत्रपिंडांवर भार येतो. म्हणून धार बारीक होणे, लघवी करूनही पोट जड वाटणे, थेंब थेंब गळणे, किंवा दीर्घकाळच्या मधुमेहात तासन्‌तास लघवीची जाणीवच न होणे, ही लक्षणे डॉक्टरांना वेळीच सांगावीत.