ब्याडगी आली, हे आधी सांगा

मार्च सरत आला की घरोघरी वर्षाच्या तिखटाचा विचार सुरू होतो आणि किराणा दुकानांकडून व्हॉट्सॲपवर निरोप यायला लागतात. त्यातला एक नमुना पाहा. दुकान काल्पनिक आहे, पण असा मजकूर तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. सुरुवातीला गुलाब, हात जोडलेले दोन पंजे आणि मग:

“शुभ सकाळ! आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, दरवर्षीप्रमाणे यंदाही आमच्याकडे उत्तम प्रतीची मिरची, गहू, डाळी व सर्व प्रकारचे खडे मसाले अत्यंत वाजवी दरात उपलब्ध झाले आहेत!!! बंपर ऑफर!!! साठा मर्यादित!!! त्वरा करा!!! दरासाठी संपर्क साधा.”

यात खोटं काहीच नाही. तरीही वाचणारी बाई तो न वाचताच पुढे सरकते, कारण तिला हवं ते यात नाही. गंमत म्हणजे हाच दुकानदार गल्ल्यावर बसलेला असताना असं बोलत नाही. ओळखीची गिऱ्हाईक दारात दिसली की तो म्हणतो, “वहिनी, ब्याडगी आलीय बघा, चारशे चाळीस.” त्या सहा शब्दांत माल आहे, भाव आहे, ओळखही आहे. फोन हातात घेतला की मात्र त्याला हँडबिल छापतोय असं वाटायला लागतं. म्हणून मजकूर सुधारताना मी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारते: हे तो गल्ल्यावर तोंडाने बोलला असता का? नसता, तर वाक्य काढायचं.

या कसोटीवर “सन्माननीय ग्राहक” आणि “कळविण्यास आनंद” ताबडतोब गळतात. “शुभ सकाळ” मात्र सौजन्याचं वाटतं, म्हणून ते काढताना दुकानदार अडखळतो. पण फोनवर निरोप आल्याची सूचना येते तेव्हा मजकुराची फक्त सुरुवात दिसते, चॅटच्या यादीत तर जेमतेम एक ओळ. तिथे गुलाब आणि शुभ सकाळ असेल, तर सकाळी आलेल्या इतर पंधरा गुलाबांत हाही एक. लांब मजकूर असेल तर खालचा भाग “Read more” मागे झाकला जातो, आणि दर नेमका तिथेच दडलेला असतो. म्हणून पहिली ओळ मालाची आणि भावाची, नमस्कार वाटल्यास शेवटी.

आता “उत्तम प्रतीची मिरची” घ्या. तिखट करणाऱ्या घरात मिरची ही एक वस्तू नसते. ब्याडगी रंगाला घेतात, लवंगी झणझणीतपणाला, आणि दोन्हींचं प्रमाण प्रत्येक घरचं ठरलेलं असतं. त्यामुळे कुठली आली हे सांगितलंच पाहिजे. त्यानंतरचा प्रश्न देठाचा. देठासह घेतली तर ते घरी बसून खुडायचे आणि तेवढं वजन वाया, देठ काढलेली घेतली तर भाव जास्त. हा प्रश्न दुकानात दहापैकी नऊ जणी विचारतात हे दुकानदाराला चांगलं ठाऊक असतं. तरीही तो निरोपात लिहीत नाही आणि मग दिवसभर एकेकीला फोनवर सांगत बसतो.

“साठा मर्यादित” हे वाक्य तर कायमचं हद्दपार करावं. ते वर्षभर लिहिलं जातं, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खरोखर माल थोडा असेल तर किती आहे ते लिहा आणि पुढची गाडी कधी येणार तेही लिहा. घाई करायची की आठवडाभर थांबायचं, ते मग गिऱ्हाईक ठरवेल. सुटीचंही तसंच. कशावर, किती आणि कधीपर्यंत हे नसेल तर ती ऑफर नव्हे, नुसता आवाज.

सुधारलेला मजकूर असा होईल. आकडे अर्थातच नमुन्याचे:

“*नवी ब्याडगी मिरची आली, ४४० रु. किलो*
हा दर देठासह. देठ काढून ५२० रु., एक दिवस आधी सांगा.
लवंगी २८० रु. किलो.
आज ६० किलो ब्याडगी आली आहे, पुढची गाडी गुरुवारी.
हे दर ५ एप्रिलपर्यंत.
बाजूला ठेवायची असेल तर किती किलो ते इथेच लिहा.
(दुकानाचं नाव), मारुती मंदिरासमोर. सकाळी ९ ते १, संध्याकाळी ५ ते ९, सोमवारी बंद.
हे निरोप नको असतील तर ‘नको’ लिहा.”

गहू आणि डाळी गेल्या कुठे? त्यांना त्यांचा वेगळा दिवस द्यावा. एका निरोपात एकच माल असला की उत्तरही एका ओळीत येतं. पहिल्या ओळीच्या दोन्ही टोकांना ताऱ्याची खूण आहे, त्याने ती ओळ ठळक होते. खूण अक्षरांना चिकटून हवी. मध्ये जागा सोडली तर ओळ ठळक होत नाही, नुसते तारे दिसत राहतात. आणि ठळक फक्त तीच ओळ करावी.

तारीख आणि दुकानाचं नाव ही दोन्ही फालतू वाटतात, पण तसं नाही. चांगला निरोप सोसायटीच्या ग्रुपवर पुढे ढकलला जातो. तिथे मूळ पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही, फक्त तो पुढे पाठवलेला आहे एवढं कळतं. मजकुरात नाव नसेल तर मिरची कुणाची हे कुणालाच समजत नाही. तारीख नसेल तर मे महिन्यात कुणीतरी तो जुना भाव दाखवत गल्ल्यावर भांडायला उभं राहतं.

फोटो जोडायचा तर पोत्यातल्या मिरचीचा, दुकानाबाहेरच्या उजेडात काढलेला. मजकूर फोटोखाली टाइप करावा. पताका आणि चांदण्या लावलेल्या तयार चित्रावर बारीक अक्षरांत भाव लिहिला तर तो वाचायला चित्र मोठं करावं लागतं, आणि सूचनेत त्यातलं काहीच दिसत नाही.

शेवटची “नको”ची ओळ बहुतेक दुकानदारांना पटत नाही. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती असते. पण वैतागलेल्या माणसाकडे तशीही ब्लॉक करण्याची सोय असतेच, आणि एकदा ब्लॉक केलं की त्याची नेहमीची यादीसुद्धा या नंबरवर यायची थांबते. बऱ्याच जणांनी तक्रार नोंदवली तर व्हॉट्सॲप तो नंबरच बंद करू शकतं. “नको” असं उत्तर आलं की नाव यादीतून खरंच काढायचं, ही अट अर्थात त्यात आलीच.

मजकूर चांगला असूनही तो पोचतच नाही, असंही होतं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत जास्तीत जास्त २५६ नंबर बसतात आणि ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच तो निरोप मिळतो. पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून धरून त्याची माहिती उघडली की कुणाला पोचला आणि कुणी वाचला त्यांची नावं दिसतात. वाचल्याची खूण बंद ठेवणारे वाचणाऱ्यांत दिसणार नाहीत, ते सोडून द्या. पण चार-पाच दिवसांनीही जी नावं “पोचला” या यादीत आलेली नाहीत, त्यांनी बहुधा नंबर साठवलेला नाही किंवा ब्लॉक केलं आहे. त्यांना परत परत पाठवून उपयोग नाही. ती बाई पुढच्या वेळी साखर घ्यायला आली की बिल करता करता विचारावं, “आमचा नंबर सेव्ह आहे ना? मिरची आली की कळवीन.”